दमलेल्या आवाजाला स्ट्रॉचा आधार

आवाज बसला की आपल्याकडे तीन सल्ले हमखास मिळतात. मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करा, ज्येष्ठमध किंवा खडीसाखर तोंडात धरा, आणि बोलू नका. बोलावेच लागले तर कुजबुजत बोला. पहिल्या दोन उपायांनी घशाला बरे वाटते, यात वाद नाही. पण ज्या जागी आवाज दमलेला असतो तिथपर्यंत ते पोचत नाहीत. गिळलेला घास अन्ननलिकेत जातो आणि स्वरयंत्र असते श्वासनलिकेच्या तोंडाशी. गिळताना शरीर ते तोंड घट्ट मिटून घेते, आणि तेवढ्यात एखादा थेंब चुकून आत गेलाच तर ठसका लागतो. म्हणजे ज्येष्ठमधाचा रस खरोखरच स्वरतंतूंवर पडला असता तर आराम पडण्याऐवजी माणूस खोकून बेजार झाला असता. या उपायांनी घसा ओलसर राहतो, खवखव थांबते आणि खाकरण्याची इच्छा कमी होते. त्यांचा उपयोग तेवढाच, आणि तोही काही थोडा नव्हे. तिसरा सल्ला मात्र जरा तपासून घ्यायला हवा, कारण त्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे आणि दुसरा बहुतेकांना मारक ठरतो.

कुजबुजताना आवाज निघत नाही, म्हणून स्वरतंतूंना विश्रांती मिळत असणार, असा आपला समज असतो. 2006 साली अमेरिकेत आवाजाची तक्रार असलेल्या 100 रुग्णांचे स्वरयंत्र, ते कुजबुजत असताना दुर्बिणीतून पाहिले गेले. त्यातल्या 69 जणांमध्ये स्वरतंतूंच्या वरचे स्नायू नेहमीच्या बोलण्यापेक्षा जास्त आवळलेले दिसले. 18 जणांत काही फरक नव्हता आणि 13 जणांत ताण उलट कमी झाला होता. कुजबुजणे सगळ्यांनाच अपायकारक आहे असे यातून सिद्ध होत नाही. पण दर दहापैकी सातांच्या वाट्याला विश्रांतीच्या नावाखाली जास्तीची मेहनत येत असेल तर तो सल्ला सरसकट देण्याजोगा नाही. मग उरते निव्वळ मौन. आणि इथेच या पुस्तिकेचे म्हणणे सुरू होते: नुसत्या वापराने दमलेला आवाज पूर्ण गप्प बसून जितका सावरतो, त्यापेक्षा योग्य तऱ्हेने थोडा वापरला तर बरेचदा अधिक चांगला सावरतो. ती योग्य तऱ्हा म्हणजे तोंडाचा मार्ग अरुंद करून काढलेला हलका आवाज. स्ट्रॉमधून काढलेला ‘ऊ’ आणि ओठ मिटून केलेले गुणगुणणे या तिच्या दोन सर्वांत सोप्या पद्धती.

आवाज दमतो म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. स्वरयंत्रात समोरासमोर बसवलेल्या दोन मऊ पट्ट्या असतात. त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून जाताना त्या थरथरतात आणि एकमेकींवर आपटून पुन्हा सुटतात. बोलताना पुरुषांमध्ये हे सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा घडते, स्त्रियांमध्ये 200 ते 220 वेळा. अमेरिकेत शिक्षकांच्या गळ्याला नोंदयंत्र लावून केलेल्या एका पाहणीत असे आढळले की शाळेच्या वेळेतला सुमारे 23 टक्के काळ त्यांचे स्वरतंतू प्रत्यक्ष थरथरत असतात. शाळेबाहेर हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास उतरते. 220 कंपनांच्या आवाजाच्या एखाद्या शिक्षिकेचा हिशेब मांडला तर तासाला 1 लाख 80 हजारांहून जास्त आघात होतात आणि पाच तासांच्या शिकवण्यात नऊ लाख. आवाज चढवला की आघातांची संख्या वाढते आणि प्रत्येक आघाताचा जोरही वाढतो. मग पट्ट्यांच्या कडा किंचित सुजतात, सुजलेल्या कडा सहज थरथरत नाहीत, त्यांना हलवायला फुप्फुसातून जास्त दाब द्यावा लागतो, त्या दाबाला तोंड द्यायला मानेचे आणि घशाचे स्नायू आवळले जातात, आणि आवळलेल्या घशातून निघालेला आवाज पुन्हा अधिक जोराने आपटतो. संध्याकाळी जो घोगरेपणा आणि घशातली ओढ जाणवते ती या चक्राची.

मौनाने या चक्रातला आघात थांबतो, म्हणून ते अर्धे बरोबर आहे. पण आवळलेले स्नायू मौनाने सैल होतीलच असे नाही. बोलण्याची जी ताणाची सवय दुपारभरात बसली, तीच दुसऱ्या दिवशी पहिल्या वाक्याला पुन्हा हजर होते. शिवाय सुजलेल्या पेशींना हलक्या हालचालीचा फायदा होत असावा, असे सुचवणारा एक प्रयोग आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरोगी आवाजाच्या नऊ माणसांना तासभर मोठ्याने आवाज काढायला लावले. नंतर काहींना नेहमीसारखे बोलू दिले, काहींना मौन पाळायला सांगितले आणि काहींकडून गुणगुणण्याच्या जातीचा, ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी कंप जाणवणारा हलका आवाज काढून घेतला. स्वरयंत्रातल्या स्रावांत दाह दाखवणारे घटक किती आहेत हे मोजले गेले. 24 तासांनंतर सर्वांत वाईट स्थिती नेहमीसारखे बोलणाऱ्यांची होती, मौन पाळणाऱ्यांची त्याहून बरी आणि हलका आवाज काढणाऱ्यांची सर्वांत चांगली. नऊ माणसे म्हणजे एका गटात जेमतेम तीन. एवढ्यावर कोणी निर्णायक सिद्धान्त उभारू नये. पण स्ट्रॉ आणि गुणगुणण्यामागचे भौतिकशास्त्र याच निष्कर्षाकडे बोट दाखवते, आणि ते भौतिकशास्त्र पुष्कळ पक्के आहे.

तोंड उघडून ‘आ’ म्हटले की स्वरतंतूंमधून निघालेली हवा मोकळी बाहेर पडते. तेच ओठांत स्ट्रॉ धरून ‘ऊ’ म्हटले की हवेला अरुंद नळीतून वाट काढावी लागते. ती तुंबते आणि ओठांपासून स्वरतंतूंपर्यंतच्या पोकळीत थोडा दाब साठतो. आता स्वरतंतूंच्या खाली फुप्फुसाचा दाब असतो आणि वर हा साठलेला दाब. दोन्हींमधला फरक घटल्यामुळे पट्ट्यांना एकमेकींवर जोराने आपटायचे कारणच उरत नाही. वरून आलेला दाब त्यांना किंचित विलग ठेवतो आणि त्या जेमतेम टेकत थरथरतात. दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. नळीमुळे लांबलेला आणि अरुंद झालेला हवेचा स्तंभ जडपणाने, थोडा मागाहून हलतो. झोपाळा परत फिरतो नेमक्या त्या क्षणी बोटाचा धक्का दिला तर ताकद न लावता झोका चालू राहतो. हा मागाहून हलणारा हवेचा स्तंभ स्वरतंतूंच्या प्रत्येक उघडझापीला तसाच वेळेवर हातभार लावतो. परिणामी पट्ट्या थरथरू लागायला लागणारा किमान दाब कमी होतो. कमी आघात आणि कमी दाब या दोन्ही गोष्टी एकदम मिळतात, आणि दमलेल्या आवाजाला नेमक्या त्याच हव्या असतात. गुणगुणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जाते. तिथेही मार्ग अरुंदच, पण स्ट्रॉइतका नाही. म्हणून गुणगुणण्यात वरचा दाब कमी साठतो, मात्र ओठांवरचा आणि चेहऱ्यावरचा कंप स्पष्ट जाणवतो. हा फरक पुढे कामी येतो.

कल्पना नवी नाही. फिनलंडमध्ये आन्ती सोवियार्वी यांनी 1960च्या दशकात काचेच्या नळ्या वापरून ही पद्धत रुळवली. नळी साधारण 26 ते 28 सेंटिमीटर लांब, आतून 8-9 मिलिमीटर रुंद, आणि तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवलेले. पुढे त्याच देशात मार्केता सिह्वो यांनी काचेऐवजी लवचिक सिलिकॉनची नळी आणली. पण आज जगभर साधी प्यायची स्ट्रॉ ज्यांच्यामुळे पोचली ते अमेरिकी शास्त्रज्ञ इंगो टिट्झे. त्यांनी 2006 साली या व्यायामांमागचे गणित एका सविस्तर लेखात मांडले, आणि गायकांची व वाचा-उपचारकांची परंपरागत युक्ती प्रयोगशाळेच्या कक्षेत आली.

आता स्ट्रॉ कोणती घ्यायची ते पाहू. इथे एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवावी लागते: नळीच्या लांबीपेक्षा तिच्या भोकाची रुंदी कितीतरी जास्त महत्त्वाची असते. रुंदी जराशी कमी केली की अडथळा भराभर वाढतो. सरबताची किंवा ज्यूसची साधी स्ट्रॉ 5-6 मिलिमीटरची असते. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. नारळपाण्याबरोबर किंवा मिल्कशेकबरोबर मिळणारी जाड स्ट्रॉ फार मोकळी पडते, तिच्यातून अडथळाच जाणवत नाही. कॉफी ढवळायची बारीक नळी 3 मिलिमीटरच्या आसपास असते. ती चांगली खरी, पण सवय नसताना तिच्यातून जोर लावला जातो आणि व्यायामाचा हेतूच उलटतो. आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, तेव्हा कागदी किंवा स्टीलची घ्यावी. कागदी स्ट्रॉ ओठांत भिजून चपटी होते आणि भोक नकळत अरुंद होते, म्हणून ती एका बैठकीपुरतीच. स्टीलची रोज धुवावी आणि दातांत चावून धरू नये, ओठांनीच धरावी.

पाण्याचा प्रयोग करायचा असेल तर खोली मोजूनच करावी. स्ट्रॉचे टोक पाण्यात जितके सेंटिमीटर बुडते, तितक्या सेंटिमीटर पाण्याचा दाब दिल्याशिवाय पहिला बुडबुडासुद्धा येत नाही. साध्या बोलण्यात फुप्फुसाचा दाब साधारण 5 ते 10 सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. म्हणजे भरलेल्या पेल्यात स्ट्रॉ तळापर्यंत, 10 सेंटिमीटर बुडवली तर बोलण्याची सगळी ताकद नुसते बुडबुडे काढण्यातच खर्च होईल आणि आवाजासाठी वेगळा जोर लावावा लागेल. 2 ते 3 सेंटिमीटर खोली पुरे. पाण्याचा एक फायदा असा की बुडबुडे एकसारखे येताहेत की अडखळत, हे डोळ्यांना दिसते. श्वास अडखळला की बुडबुडेही अडखळतात.

कृती सोपी आहे, पण तिच्यात चुकायच्या जागा तीन-चार आहेत. ताठ पण सैल बसावे, खांदे उचलू नयेत. नेहमीचा श्वास घ्यावा, छाती फुगवून नव्हे. ओठ स्ट्रॉभोवती अलगद मिटावेत आणि बोलण्याच्या पट्टीपेक्षा किंचित वर, हलक्या आवाजात ‘ऊ’ काढावा. पहिल्यांदा बहुतेकांच्या बाबतीत एक गफलत होते: थोडी हवा नाकातून निसटते आणि नळीतला दाब साठतच नाही. ही तपासायला एक सोपी खूण आहे. आवाज चालू असताना बोटाने स्ट्रॉचे बाहेरचे टोक बंद करावे. आवाज लगेच थांबला तर सगळी हवा नळीतून जात होती. आवाज चालूच राहिला तर ती नाकातून किंवा ओठांच्या कडेने निसटते आहे. दुसरी गफलत म्हणजे फुंकणे. आवाजापेक्षा वाऱ्याची फुसफुस जास्त ऐकू येत असेल तर श्वास कमी सोडावा. तिसरी म्हणजे जोर: मानेच्या शिरा फुगल्या, जबडा आवळला किंवा घशात टोचले तर पट्टी थोडी खाली आणावी किंवा जाड स्ट्रॉ घ्यावी. गाल किंचित फुगले तर चालते. दाब साठत असल्याचेच ते लक्षण.

हा एकसुरी ‘ऊ’ जमला की त्याला हालचाल द्यायची. खालच्या पट्टीतून सावकाश वर जाऊन पुन्हा खाली येणे, मध्ये आवाज तुटू न देता. मग एकाच पट्टीवर हलक्यापासून थोडा मोठा आणि पुन्हा हलका. शेवटी एखाद्या ओळखीच्या आरतीची किंवा प्रार्थनेची चाल, शब्द न म्हणता, नळीतून. वरच्या टोकाला आवाज फाटत असेल तर तिथे ताणून पोचायची गरज नाही. जिथे फाटतो त्याच्या जरा खालूनच परतावे. हे सगळे दोन-तीन मिनिटांचे काम. दिवसातून एकदा पंधरा मिनिटे करण्यापेक्षा चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटे करणे अधिक उपयोगी, कारण सूज आणि ताण दिवसभर थोडे थोडे साठत जातात, तेव्हा उताराही दिवसभर थोडा थोडा हवा. चक्कर आल्यासारखे वाटले तर श्वास फार खोल घेतला जातो आहे असे समजून थांबावे.

गुणगुणणे यानंतर, आणि त्याला कारण आहे. स्ट्रॉमुळे आवाज कमी ताणात निघतो, पण स्ट्रॉ तोंडात धरून वर्ग शिकवता येत नाही. नळीतला सैलपणा बोलण्यात आणण्यासाठी मधली पायरी लागते आणि ती म्हणजे ओठ मिटून काढलेला ‘म्’. ओठ टेकलेले पण दाबलेले नसावेत, दात आत सुटे, जीभ सैल. कंप ओठांवर, वरच्या दातांमागे किंवा नाकाच्या मुळाशी जाणवायला हवा. तो घशात जाणवत असेल तर आवाज मागे आवळला गेला आहे. मग त्या ‘म्’मधून शब्द उलगडायचे: मामा, मनी, मला माहीत, मंगळवारी. प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीच्या ‘म’वर किंचित रेंगाळून तोच कंप पुढच्या स्वरात वाहून न्यायचा. पुष्कळांना हे स्ट्रॉपेक्षा अवघड जाते, कारण स्ट्रॉ ताण कमी करायला भाग पाडते आणि गुणगुणताना तो माणसाने स्वतः कमी करावा लागतो. आवळलेल्या घशाने कोणी कितीही जोरात गुणगुणू शकतो. म्हणूनच या पुस्तिकेत नवशिक्याला आधी स्ट्रॉ दिली आहे.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाई आहेत. पत्र्याचे छप्पर, पावसाळा, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले. परिपाठापासून आवाज चढलेला, आणि मधल्या सुट्टीपर्यंत तो जड होतो. या बाईंनी सकाळी घरातून निघण्यापूर्वी दोन मिनिटे स्ट्रॉ करावी. बोलायला सुरुवात करण्याआधीच स्वरतंतू सैल व्हावेत म्हणून. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर दोन मिनिटे. त्यात पहिले मिनिट एकसुरी ‘ऊ’ आणि दुसरे चढउतार. शाळा सुटल्यावर तीन मिनिटे, आणि त्यानंतर मिनिटभर ‘म्’चे शब्द. लगेच घरच्यांशी फोनवर बोलायला घेऊ नये. पाच-दहा मिनिटे शांत राहावे. फायदा होतो आहे की नाही हे ओळखायला आवाजाचा घोगरेपणा हे फसवे माप आहे, कारण तो कफानेही बदलतो. त्याहून चांगली परीक्षा अशी: वरच्या पट्टीत, अगदी हळू, एखादी चाल गुणगुणून पाहावी. सुजलेले स्वरतंतू मोठ्या आवाजाला दाद देतात, पण हळू आणि उंच आवाजाला लगेच थरथरत नाहीत. आधी नुसती हवा येते आणि मग आवाज अचानक फुटतो. ही चाचणी सकाळी एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा करावी. संध्याकाळी जो अडथळा येतो तो व्यायामानंतर कमी झाला आणि दुसऱ्या सकाळी गेलेला असला, तर हा थकवा आहे आणि तो उतरतो आहे. सकाळीही तो तसाच राहत असेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर फक्त स्ट्रॉ करत राहणे बरोबर नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला आपल्या मातीतला आहे: हे तर आपले भ्रामरी प्राणायाम आणि ओंकार; त्यात परदेशी नळीचे कौतुक कशाला? साम्य आहे, आणि ते नाकारण्यात काही शहाणपण नाही. मिटल्या ओठांच्या गुणगुणण्यामागचे भौतिकशास्त्र भ्रामरीलाही लागू पडते. पण भ्रामरीचा हेतू मन शांत करणे हा आहे आणि तिच्यात कान बोटांनी बंद करतात. कान बंद केले की स्वतःचा आवाज हाडांमधून मोठा ऐकू येतो. तो हलका आहे की जोराचा, याचा अंदाज राहत नाही. सुजलेल्या गळ्याला हा अंदाजच तर महत्त्वाचा. ओंकारातला सुरुवातीचा ‘ओ’ उघड्या तोंडाचा असतो आणि खर्जाच्या रियाजात गळा खालच्या पट्टीत दाबला जाण्याचा धोका असतो. ज्यांना भ्रामरीची सवय आहे त्यांनी ती खुशाल करावी, फक्त दमलेल्या दिवशी कान उघडे ठेवून आणि आवाज अगदी बारीक करून.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे मानसिक समाधान असेल. याचे प्रामाणिक उत्तर असे: हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आवाज दमणाऱ्या किंवा बिघडलेल्या माणसांचे गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडले होते. सहा आठवडे स्ट्रॉचा व्यायाम करणाऱ्यांची तक्रार, उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत, घटली. पण उपचार न मिळालेल्या गटाकडे कोणी लक्षही दिले नव्हते. नुसत्या लक्ष देण्याने किती फरक पडला असता हे त्यातून वेगळे काढता येत नाही. त्याच चाचणीत दुसऱ्या एका प्रस्थापित आवाज-व्यायामानेही जवळपास तसाच फायदा दाखवला. त्यामुळे स्ट्रॉ हा इतर सर्व व्यायामांहून श्रेष्ठ आहे असा दावा या पुस्तिकेत कुठेही केलेला नाही. दावा एवढाच आहे की तो शिकायला सर्वांत सोपा आहे, चुकीचा होत असल्याची खूण लगेच देतो, आणि त्याने दाब आणि आघात कमी होतात हे मोजून दाखवलेले आहे.

तिसरा आक्षेप व्यायामाचा नसून आवाजाचा आहे: घोगरेपणा थकव्याचाच कशावरून? हा सर्वांत गंभीर. ओरडताना किंवा तान घेताना आवाज एकदम, झटक्यात गेला असेल तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो; त्या दिवशी स्ट्रॉसुद्धा नको, पूर्ण मौन आणि शक्य तितक्या लवकर कान-नाक-घसा तज्ज्ञ. सर्दी-तापाबरोबर बसलेला आवाज संसर्गाचा असतो. तो उतरेपर्यंत कमी बोलणे आणि वाफ घेणे पुरे. चार आठवड्यांहून जास्त टिकलेला कोणताही घोगरेपणा दुर्बिणीने तपासून घ्यायलाच हवा, मग तो कितीही सौम्य वाटो. थुंकीत रक्त, गिळताना त्रास, श्वासाला अडथळा, मानेत गाठ यांपैकी काही असेल तर चार आठवडेही थांबू नये. तंबाखू, विडी किंवा सिगारेटची सवय असलेल्यांनी तर अजिबातच नाही. स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील तर स्ट्रॉ उपचाराचा एक भाग होऊ शकते, पण ते वाचा-उपचारकाच्या देखरेखीखाली.

आणि एक मर्यादा अशी आहे जी व्यायामाच्या पुस्तिकेत सहसा सांगितली जात नाही. स्ट्रॉ दिवसभराचा थकवा उतरवते. दिवसभराचा भार कमी करत नाही. अमेरिकेत 2002 साली आवाज बिघडलेल्या 44 शिक्षकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना आवाजाच्या आरोग्याचे धडे दिले, काहींना कंबरेला अडकवायचा छोटा ध्वनिवर्धक दिला, काहींना काहीच नाही. सहा आठवड्यांनी लक्षणीय फरक दिसला तो ध्वनिवर्धकवाल्यांत; नुसते धडे घेतलेल्यांत नाही. पन्नास मुलांच्या, पत्र्याखालच्या वर्गात बाईंनी कितीही नीट गुणगुणले तरी त्यांचा आवाज पत्र्यावरच्या पावसाशी स्पर्धा करणारच. म्हणून ही पुस्तिका शिक्षकांच्या हातात देणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना विनंती आहे: शाळेच्या खर्चाच्या यादीत वर्गागणिक नाही, तर निदान शाळेगणिक दोन-तीन तरी कंबरेला लावायचे माइक घाला, आणि त्यांच्या बॅटऱ्या चार्ज होतील अशी एक जागा शिक्षकांच्या खोलीत ठेवा.